पीएस 4 स्लिम, 1 टीबी, दोन कंट्रोलर – रत्नागिरी – 15,500 रुपये

प्लेस्टेशन 4 स्लिम, काळा, 1 टीबी. सोबत दोन ओरिजिनल ड्युअलशॉक 4, एचडीएमआय केबल, पॉवर केबल, एक चार्जिंग केबल, तीन डिस्क आणि मूळ खोकं. बिल नाही, वॉरंटी कधीच संपली. नोकरीसाठी नवी मुंबईला जातोय, तिथल्या खोलीत टीव्हीच नाही म्हणून विकतोय.

मशीन दुबईचं आहे, मामांनी आणलेलं. इथे बऱ्याच घरांतले असेच आलेले असतात, तरी हे आधीच सांगतो. आतला पॉवर सप्लाय 100 ते 240 व्होल्टचा आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. दुबईची तीन चपट्या पिनांची केबल बदलून आपली दोन पिनांची दिली आहे. गेमच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात. सिनेमांचं मात्र तसं नाही. ब्लू-रेसाठी भारत रीजन सी आणि दुबई रीजन बी, त्यामुळे इथे घेतलेली रीजन लॉक असलेली सिनेमाची डिस्क यावर लागणार नाही. अकाउंट काढताना देश भारतच निवडा. तो नंतर बदलता येत नाही, आणि वॉलेटचा कोडही अकाउंटच्याच देशाचा लागतो.

तीन डिस्कपैकी क्रिकेट आणि फुटबॉलच्या इथल्याच आहेत. कार रेसिंगची अमेरिकन कॉपी आहे. गेम पूर्ण चालतो, पण भारतीय स्टोअरवरून घेतलेल्या जादा गाड्या तिला जोडल्या जात नाहीत.

स्टोरेज 1 टीबी म्हटलं तरी वापरायला साधारण 860 जीबी मिळतं. हार्ड डिस्क मूळचीच आहे, एसएसडी नाही. मोठे गेम उघडायला वेळ घेतात. पुढे जागा कमी पडली तर 250 जीबी ते 8 टीबीपर्यंतची यूएसबी 3.0 डिस्क बाहेरून लावता येते.

काळा कंट्रोलर उत्तम आहे, फक्त डाव्या स्टिकचं रबर थोडं गुळगुळीत झालंय. निळ्याला ड्रिफ्ट आहे. गेममध्ये नकाशा उघडून अंगठा बाजूला काढलात, तर खूण आपली आपण हळूहळू डावीकडे सरकत राहते. फुटबॉलमध्ये फारसं जाणवत नाही, नेम धरायच्या गेममध्ये वैताग येतो. दुरुस्ती होते, पण मी केलेली नाही. किंमत ते धरूनच लावली आहे.

आता कंडिशन. घर समुद्रापासून जवळ आहे आणि खारी हवा कुणाला सोडत नाही. मागच्या बाजूला एचडीएमआय पोर्टच्या धातूवर किंचित गंज दिसेल, फोटो जवळून काढून टाकला आहे. पोर्ट ढिला नाही, चित्र जात नाही. गेल्या उन्हाळ्यात मशीन उघडून धूळ काढून घेतली आणि थर्मल पेस्ट बदलली, म्हणून सील तुटलेलं आहे. पंखा तापल्यावर ऐकू येतो, पण विमानासारखा नाही. डिस्क पहिल्या ढकलण्यात आत जाते. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, म्हणून मशीन कायम यूपीएसवरच ठेवलं होतं. वरच्या झाकणावर बारीक ओरखडे आहेत.

जेलब्रेक केलेलं नाही, सॉफ्टवेअर अधिकृत आहे. "40 गेम भरलेला" पीएस 4 हवा असेल तर हा तो नव्हे.

अकाउंटबद्दल आधी गैरसमज होतात म्हणून नीट लिहितो. माझ्या अकाउंटवरून 'Activate as Your Primary PS4' मध्ये जाऊन 'Deactivate' केलं आहे. त्यानंतर 'Initialization' मधून 'Initialize PS4' चं 'Full' केलं. त्याला कित्येक तास लागतात, म्हणून तुम्ही येण्याआधीच उरकलं. सध्या आत फक्त तपासायला केलेला साधा युजर आहे, ऑनलाइन अकाउंटशी न जोडलेला. व्यवहार ठरला की तुमच्यासमोर 'Quick' करून देतो. चालू केल्यावर भाषा निवडायचा पडदा आला पाहिजे. तो आला तरच पैसे द्या. माझे डिजिटल गेम माझ्या अकाउंटचे आहेत, ते राहू देणार नाही. कृपया त्यावर घासाघीस नको.

मारुती मंदिराजवळ घरी येऊन टीव्हीला लावून हवं तेवढं खेळून बघा, डिस्क तुमची आणलीत तरी चालेल. रविवारी दिवसभर, इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर. चिपळूण, संगमेश्वरकडचे कुणी असतील तर स्टेशनवर आणून देऊ शकतो, पण तिथे टीव्ही नसेल, त्यामुळे आधी व्हिडिओ कॉलवर सगळं चालू करून दाखवीन. कुरिअर करत नाही. पैसे रोख किंवा समोरासमोर यूपीआय. मला पैसे मिळण्यासाठी क्यूआर पाठवणाऱ्यांनी त्रास घेऊ नये.

15,500 मध्ये पाच-सातशे इकडेतिकडे होतील. निळा कंट्रोलर नको असेल तर 14,000. बदली मोबाइल घेत नाही.