सापडल्यास कळवा

किल्ल्यांचा बिल्ला, पुढची बाजू

किल्ल्या सापडल्या? फोन करा
५५५०० १०१४२
खूण : क-२

मागची बाजू

परत देणाऱ्याला रोख बक्षीस.
किल्ल्यांचा फोटो कुठेही टाकू नका.

बॅगेच्या पट्ट्याला

ही बॅग कुणीतरी विसरलंय. मालक शोधतोय.
५५५०० १०१४२, खूण : ब-१
उघडायला भीती वाटत असेल तर हात लावू नका. जवळच्या सुरक्षारक्षकाला किंवा पोलिसांना सांगा, त्यांना हा नंबर द्या. बक्षीस तरीही तुमचंच.

बॅगेच्या आतल्या कप्प्यातलं कार्ड

नमस्कार,

हे कार्ड वाचताय म्हणजे बॅग उघडलीत. हरकत नाही, मालकाचा पत्ता शोधायला कुणीही उघडेल. पत्ता मात्र मिळणार नाही. बॅगेत किल्ल्याही असतात, आणि किल्ली व घर दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागू नयेत म्हणून नाव-पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही. हा तुमच्यावरचा अविश्वास नाही. तुमच्याआधी बॅग कुणाच्या हातात होती हे दोघांनाही माहीत नाही.

फोन केलात की फक्त खूण सांगा, ब-१. काय हरवलंय ते मला लगेच कळेल. मग तुम्ही मला विचारा : आतलं अस्तर कोणत्या रंगाचं, किल्ल्या किती, चष्म्याच्या डबीत काय आहे? उत्तरं चुकली तर बॅग देऊ नका. बॅग माझीच म्हणत दुसरं कुणी आलं, तर त्यालाही हेच विचारा. फोन उचलला नाही तर मेसेज टाका. हा नंबर हरवलेल्या वस्तूंसाठीच ठेवलाय, रात्री बंद असतो.

भेटायची जागा तुम्ही ठरवा. वर्दळीची असावी, दिवसाउजेडी भेटू, सोबत कुणाला आणलंत तरी चालेल. तुमच्या घरी येणार नाही, तुम्हालाही माझ्याकडे बोलावणार नाही. थांबायला वेळ नसेल तर बॅग पोलीस चौकीत किंवा स्टेशनच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर द्या, पोच घ्या आणि तिचा फोटो पाठवा.

बक्षीस वस्तू हातात आली की तिथेच, रोख. त्यासाठी तुमचा खाते क्रमांक किंवा ओटीपी मागणार नाही, लिंक पाठवणार नाही. तसं कुणी मागितलं तर तो मी नव्हे. मीही आगाऊ पैसे पाठवणार नाही, तेवढं समजून घ्या.

पाकीट रिकामं असलं तरी बॅग आणाच. पैसे कुठे गेले, हे विचारणार नाही. आतली वही मला हवी आहे, तिची दुसरी प्रत नाही.

किल्ल्यांचं पुन्हा सांगतो : ‘कुणाच्या आहेत?’ म्हणून फोटो फिरवू नका. दात स्पष्ट दिसले तर फोटोवरूनही दुसरी किल्ली बनते. मलाही फोटो नको, खूण सांगितलीत की पुरे.

ब-१चा मालक
५५५०० १०१४२