तिढ्याचा पट्टा: शनिवारच्या वर्गासाठी सहा कोडी

घड्याळाच्या काट्यासारखं फिरणारं चाक सुलट, त्याच्या विरुद्ध फिरणारं उलट. आकृत्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या तुम्ही काढायच्या आणि प्रत्येक चाकाच्या माथ्यावर बाण मारायचा. बाण न काढता दिलेलं उत्तर बरोबर आलं तरी मी चूक धरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

हाताशी एवढं असू द्या. बाहेरून दाते अडकलेली दोन चाकं विरुद्ध फिरतात. सरळ पट्ट्याची दोन्ही चाकं एकाच अंगाला फिरतात. पट्ट्याला तिढा देऊन मध्ये फुली पडली की ती विरुद्ध होतात. एकाच शाफ्टवर घट्ट बसवलेली चाकं एकच समजायची.

कोडं १. खानापूरकडच्या एका पिठाच्या गिरणीत दारातून पाहिलं तर मोटार सुलट फिरते. तिथून जात्याच्या पुलीला सरळ पट्टा आहे. गिरणीवाले मामा यंत्राच्या पलीकडे उभे आहेत. त्यांना जात्याची पुली कशी फिरताना दिसेल?

कोडं २. क, ख, ग, घ, च हे पाच गिअर एका ओळीत, प्रत्येक शेजारच्यात अडकलेला. क सगळ्यात लहान, च सगळ्यात मोठा. क सुलट, तर च?

कोडं ३. क पुली सुलट. क वरून ख पुलीला तिढ्याचा पट्टा. ख च्याच शाफ्टवर ग गिअर. ग मध्ये घ गिअर अडकलेला. घ च्या शाफ्टवर च पुली, तिथून छ ला सरळ पट्टा. छ कसा फिरेल?

कोडं ४. उसाच्या चरकात एक लाट वर, दोन खाली. ऊस डावीकडून आत जातो. तिन्ही लाटांच्या दिशा सांगा. आता खालच्या दोन लाटांचे गिअरही एकमेकांत अडकवले तर काय होईल?

कोडं ५. सारख्या मापाच्या तीन पुल्या त्रिकोणात. क-ख सरळ पट्टा, ख-ग सरळ पट्टा, ग-क तिढ्याचा. क सुलट फिरवली तर ग कशी फिरेल? एकच पट्टा बदलून यंत्र चालू करायचं असेल, तर कुठला बदलाल?

कोडं ६. मोटार आणि पंखा यांच्यामध्ये सरळ पट्टा. पट्टा ताणून धरायला एक छोटी पुली बाहेरून, पट्ट्याच्या पाठीवर दाबलेली. मोटार सुलट, तर छोटी पुली?

उत्तरं

१. उलट. पुली बदललेली नाही, बघणारा बदलला. प्रश्नात ‘कुठून पाहिल्यास’ असं आलं की पेन्सिल थांबवा.

२. सुलट. दिशा चार वेळा पलटली, म्हणजे मूळ पदावर आली. लहानमोठेपणाने वेग बदलतो, दिशा नाही.

३. सुलट. तिढ्याला एक पलटी, ग-घ च्या दात्यांना दुसरी. गेल्या वेळी अर्ध्या वर्गाने ख-ग मध्येही पलटी मोजली. एकाच शाफ्टवर आहेत की ओ ते!

४. वरची उलट, खालच्या दोन्ही सुलट. उसाला चिकटलेली कड उजवीकडे सरकते, तिथून बाण काढा. खालच्या दोघी एकमेकींत अडकवल्या की चरक जाम. दोघींना एकाच अंगाला फिरायचंय आणि आता दाते विरुद्ध फिरा म्हणतात. चार गिअरचं कडं असतं तर फिरलं असतं.

५. प्रश्नातच खोच आहे. ख कडून गेलात तर ग सुलट, तिढ्याच्या पट्ट्याने गेलात तर उलट. एकच पुली दोन्हीकडे कशी फिरणार? यंत्र अडेल, जोर लावलात तर पट्टा घसरून तापेल. गोल फेरी मारून परत क वर येताना पलट्या सम हव्यात. म्हणून दुरुस्त्या तीन: तिढा काढा, किंवा क-ख ला तिढा द्या, किंवा ख-ग ला द्या. एकच सांगितलीत तर गुण अर्धे.

इथे थोडं वर्कशॉपचं सांगतो. तिढा चपट्या पट्ट्यालाच देतात, व्ही-बेल्टला नाही. फुलीपाशी पट्टा स्वतःवरच घासतो, म्हणून शाफ्ट लांब ठेवावे लागतात. पण तो पुलीला जास्त कवळतो, त्यामुळे पकड चांगली मिळते. उद्यमबागेत लेथवर उभ्या राहिलेल्या जुन्या माणसांना विचारा: वरच्या शाफ्टवरून दोन पट्टे यायचे, एक सरळ, एक तिढ्याचा. दांडा सरकवला की दुसरा पट्टा धरायचा आणि लेथ उलटा फिरायचा.

६. उलट. पंखा पट्ट्याच्या आत आहे, छोटी पुली बाहेर. पट्ट्याला तिढा नाही म्हणून ‘सुलट’ लिहिणारे दरवर्षी निघतात. त्यांनी दोरी आणि दोन डबे घेऊन घरी करून बघावं.