हॉटेलच्या वेबसाइटचा प्रस्ताव: काम, वेळापत्रक आणि महिन्याची देखभाल

गणेशदादा, नमस्कार.

रविवारी गर्दीतून वेळ काढून बसलात, त्याबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे सगळं लिहून पाठवतो. मेसेज लांबला आहे, पण पैशाचं आणि कामाचं एकदाच स्पष्ट झालेलं बरं. दुपारची गिऱ्हाइकी ओसरली की निवांत वाचा, आणि अक्षयलाही दाखवा, कारण पुढे फोनवरचं बरंच काम त्याच्याकडेच येणार आहे.

आधी अ‍ॅपचं बोलतो. तुम्ही म्हणालात, "आपलं स्वतःचं अ‍ॅप काढू." माझं मत आहे, आत्ता काढू नका. तुमचा गिऱ्हाईक संभाजीनगरहून दौलताबाद करून वेरूळला चाललेला असतो. तो एका जेवणासाठी अ‍ॅप उतरवून घेणार नाही. गाडीत बसल्या बसल्या तो 'वेरूळजवळ जेवण' असं शोधतो, दोन-तीन फोटो बघतो, पार्किंग आहे का पाहतो आणि फोन लावतो. त्या पाच मिनिटांत आपण त्याला दिसलो पाहिजे. अ‍ॅपवर जाणारा पैसा वाचवा, घरगुती मसाल्याच्या पाकिटांची विक्री पुढे सुरू केलीत तर तेव्हा बघू.

कामात काय काय येईल ते सांगतो. वेबसाइट पाच पानांची: मुख्य पान, मेनू, सहल आणि ग्रुप बुकिंग, फोटो, आणि पत्ता-संपर्क. भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी. घृष्णेश्वराच्या दर्शनाला बाहेरच्या राज्यांतले लोक येतात, लेणी बघायला परदेशी पाहुणे येतात, त्यामुळे तिन्ही हव्यातच. भाषांतर मी करतो. फक्त पदार्थांची नावं बदलायची नाहीत. येसर आमटी ही येसर आमटीच राहील, खाली एका ओळीत ती कशाची असते ते लिहू. नान खलियाचंही तसंच.

मेनूचं पान सगळ्यात महत्त्वाचं. सध्या तुम्ही मेनूकार्डाचा फोटो पाठवता, त्यात भाव वाचायला फोन डोळ्याजवळ धरावा लागतो, आणि मागच्या वर्षीचे भाव अजून फिरतायत. आपण मेनू साध्या मजकुरात ठेवू. शाकाहारी आणि मांसाहारी वेगळं, दोन्हीची भांडी वेगळी असतात हे तुम्ही सांगितलंत तेही ठळक लिहू, दर्शनाला आलेली मंडळी नेमकं तेच विचारतात. खुलताबादच्या चढावर नेट कधी कधी रांगतं, म्हणून हे पान एक एमबीच्या आत बसवणार. टेबलांवर लावायचा क्यूआर कोडही याच पानाचा असेल. भाव बदलला तरी कोड परत छापावा लागणार नाही.

मला वाटतं, ग्रुप बुकिंगचं पान तुम्हाला सगळ्यात जास्त पैसे मिळवून देईल. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्याच दिवसांत हुरडा. सध्या बसवाले अचानक येतात आणि स्वयंपाकघरात पळापळ होते. या पानावर तारीख, माणसं किती, बस किती, जेवण कुठलं आणि मोबाईल नंबर, एवढंच भरायचं. भरलं की तुमच्या आणि अक्षयच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येईल. बुकिंग पक्कं तुम्ही फोनवर बोलूनच करायचं. अ‍ॅडव्हान्स घ्यायचा असेल तर तुमचा यूपीआय क्यूआर तुम्ही पाठवा. वेबसाइटवर पेमेंटची सोय मी मुद्दाम धरलेली नाही. बुकिंग रद्द झालं की पैसे परत करायची कटकट आत्ता कशाला?

याशिवाय गुगल मॅपवरचं तुमचं खातं दुरुस्त करणं. तिथे वेळ चुकीची आहे आणि पिन रस्त्याच्या पलीकडे पडली आहे. तिथेच आणि वेबसाइटवरही लिहू की मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, पण आपलं हॉटेल चालू असतं. मंदिर त्या दिवशीही उघडं असतं, भाविक येतातच. श्रावणात उपवासाचा मेनू, म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, शाबुदाणा, वरच दिसेल अशी सोय ठेवतो. वेबसाइटच्या तळाशी तुमचा १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक टाकू.

फोटो काढणं माझ्या कामात नाही. फोटोग्राफर तुम्ही ठरवा, किंवा मी माझ्या ओळखीचा सांगतो, त्याचे पैसे त्याला वेगळे. घरच्या मोबाईलवर काढलेत तरी चालतील, पण उजेडात, सकाळी. ट्यूबलाइटखाली रस्सा काळा दिसतो. बिलाचं सॉफ्टवेअर, जाहिराती आणि इन्स्टाग्राम सांभाळणं हेही यात नाही.

वेळ चार आठवडे, तुमच्याकडून मेनू, फोटो आणि पहिला हप्ता आल्या दिवसापासून. पहिल्या आठवड्यात मी मुख्य पानाचे दोन नमुने दाखवतो, एक निवडायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात सगळी पानं बांधून एका तात्पुरत्या लिंकवर टाकतो. ती घरातल्या सगळ्यांच्या फोनवर उघडून बघा, वहिनींनाही दाखवा, चुका मला एकत्र लिहून पाठवा. अशा दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेतच आहेत. चौथ्या आठवड्यात साइट चालू आणि अक्षयला तासभर शिकवणं. या आठवड्यात होकार आला तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काम उरकेल, म्हणजे सहली सुरू व्हायच्या आधीच लोकांना दिसायला लागेल. मेनू यायला आठवडा उशीर झाला तर काम आठवडाभर पुढे जाईल, तेवढं धरून चाला.

एकूण रक्कम ३२,००० रुपये. १२,००० सुरुवातीला, १२,००० तात्पुरती लिंक बघितल्यावर आणि ८,००० साइट चालू झाल्यावर. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर लागणार नाही. साधं बिल देईन, तुमच्या सीएंना चालेल. डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च साधारण ४,५०० रुपये, तो तुमच्या कार्डवरून थेट कंपनीला जाईल. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घेऊ. डेव्हलपरच्या नावावर घेतलेली डोमेनं पुढे अडकून पडतात. तुमची जमीन तुमच्या सातबाऱ्यावर असते, तसंच हे.

देखभालीचे महिन्याला १,८०० रुपये. पहिला महिना मोफत, पुढे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. त्यात मेनू आणि भावातले बदल (व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होतील), दर आठवड्याला बॅकअप, सॉफ्टवेअर अपडेट, सणांचे फलक आणि गुगलवरच्या वेळा अद्ययावत ठेवणं. साइट बंद पडली तर रात्रीसुद्धा फोन करा, पण "दाल तडक्याचे दहा वाढव" यासाठी रात्री अकराला नको! नवीन पान लागलं तर प्रत्येकी २,००० वेगळे.

अक्षय भाव स्वतः बदलायला तयार असेल तर देखभाल १,००० वर आणता येईल, मग माझ्याकडे फक्त बॅकअप, अपडेट आणि बिघाड. खरं सांगू, सहा महिने १,८०० वालं घ्या. सीझनमध्ये त्याला गल्ल्यावरून उठायला सवड मिळणार नाही.

देखभाल कधी थांबवावीशी वाटली तर महिनाभर आधी सांगा. सगळे पासवर्ड आणि शेवटचा बॅकअप तुमच्या हातात देईन, साइट चालूच राहील.

मान्य असेल तर याच मेसेजला "मान्य" असं उत्तर द्या, देखभालीचा कुठला पर्याय तेही लिहा, आणि नव्या भावांचं मेनूकार्ड पाठवा. रकमेबद्दल काही बोलायचं असेल तर शुक्रवारी दुपारी चारनंतर मी हॉटेलवर येऊ शकतो.

आपला,
संदीप
वेब डेव्हलपर, छत्रपती संभाजीनगर