चला म्हणूया: वदनि कवळ घेता

(पाटावर बसलेली ताई. समोर ताट: वरणभात, तुपाची धार, लिंबाची फोड. मागे वाजतंय काहीच नाही.)

ताई: आलात का जेवायला? हात धुतले? दाखवा बरं!
(३ सेकंद थांबा. ताई स्वतःचे तळवे दाखवते.)

ताई: छान! भूक लागलीय ना? मलाही. पण आधी एक छोटा श्लोक. आधी मी म्हणणार. असा कानाला हात लावला, की फक्त ऐकायचं. आणि असा हात पुढे केला, की तुम्ही म्हणायचं.

(प्रत्येक ओळ आठव्या अक्षरावर तोडली आहे. वृत्त मालिनी, चाल तिथे आपोआप विसावते. मुलांचा श्वासही तिथेच संपतो.)

ताई: वदनि कवळ घेता...
(बोट ओठांवर, मग चिमटीतला घास. हात पुढे. ५ सेकंद.)
ताई: वदन म्हणजे तोंड. कवळ म्हणजे घास. कुठे जातो घास? तोंडात! पुन्हा. वदनि कवळ घेता...
(५ सेकंद.)
ताई: नाम घ्या श्रीहरीचे...
(हात जोडलेले. ६ सेकंद. कुणी ‘शिरीअरीचे’ म्हणेल, म्हणू दे. ताईनं फक्त पुन्हा स्पष्ट म्हणायचं.)
ताई: श्री... ह... री... चे. वा!

ताई: सहज हवन होते...
(पडद्यावर निरांजनाची ज्योत. ५ सेकंद.)
ताई: नाम घेता फुकाचे...
(रिकामा तळवा. ५ सेकंद.)
ताई: फुकाचे, म्हणजे पैसे लागत नाहीत. देवाचं नाव घ्यायला किती रुपये? शून्य!

ताई: जीवन करि जिवित्वा...
(‘जी’ ऱ्हस्व म्हणा, नाहीतर चाल अडखळते. ५ सेकंद.)
ताई: अन्न हे पूर्णब्रह्म...
(ताटाला दोन्ही हात लावून नमस्कार. ६ सेकंद. अर्थ इथे सांगत बसू नका, नमस्कार पुरे.)

ताई: आता शेवटची ओळ. पोटावर हात ठेवा.
उदरभरण नोहे...
(पोटावरून हात फिरवते, मग मान हलवून ‘नाही’. ६ सेकंद.)
ताई: उदर म्हणजे पोट. नुसतं पोट भरायचं? नोहे! म्हणजे नाही! मोठ्यानं म्हणा.
(४ सेकंद. हे मुलांना फार आवडतं, हवं तर आणखी एकदा.)
ताई: जाणिजे यज्ञकर्म...
(हात जोडलेले. ६ सेकंद.)

ताई: आता सगळे मिळून, हळूहळू. डोळे मिटा.
(चारही ओळी पडद्यावर, म्हणताना अक्षर अक्षर उजळतं.)

वदनि कवळ घेता नाम घ्या श्रीहरीचे ।
सहज हवन होते नाम घेता फुकाचे ।
जीवन करि जिवित्वा अन्न हे पूर्णब्रह्म ।
उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म ॥

(२ सेकंद शांतता. ताई डोळे उघडते, लिंबू पिळते, भात कालवते.)

ताई: घ्या, पहिला घास! आऽऽऽ...