संत्र्याचा ताण : निबंधावरून काढलेल्या स्लाइडनिहाय बोलायच्या नोंदी

वेळ दहा मिनिटं. मूळ निबंधातला प्रक्रिया उद्योगाचा भाग इथे गाळला आहे. तो मोठा विषय आहे, दोन वाक्यांत उरकायचा नाही. स्लाइडवरचा मजकूर वाचायचा नाही, फक्त खालचे परिच्छेद बोलायचे.

स्लाइड १ : शीर्षक आणि बागेचा फोटो

नमस्कार. नागपूरला संत्रानगरी म्हणतात, पण संत्र्याच्या झाडाला फुलं कशी येतात हे शहरात फारसं कुणी विचारत नाही. मी काटोल तालुक्यातल्या बागाईतदाराची मुलगी. आमच्याकडे झाडाला फुलवायचं असेल तर आधी त्याचं पाणी तोडतात, यालाच ताण देणं म्हणतात.

स्लाइड २ : नकाशा – नागपूर, काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी

हा आपला संत्रापट्टा, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतला. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

स्लाइड ३ : दोन बहार

आपल्याकडे मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो, त्याचं फळ उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतं. मृगासाठी मे महिन्याचं ऊनच झाडाला ताण देतं. आंबियासाठी तो आपल्याला द्यावा लागतो, म्हणून आज आंबियाबद्दलच बोलते.

स्लाइड ४ : ताण म्हणजे काय

(इथे घाई करायची नाही.) पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की झाड पानं आणि फांद्या वाढवत राहतं. पाणी थांबलं की वाढ थांबते, पण पानं काही काळ अन्न तयार करतच असतात. ते वाढीत खर्च होत नाही, फांद्यांमध्ये साठतं आणि डोळे फुलाच्या दिशेने वळतात. थंडीचीही याला मदत होते. डिसेंबरात बाबा ठिबकचा कॉक बंद करतात, वखरणी करतात आणि मग रोज सकाळी धुऱ्यावरून पानं बघत फिरतात. पानाचा गडद हिरवा रंग उतरतो, ते पिवळसर होतं, दुपारी मलूल दिसतं, थोडी पानगळ सुरू होते. हलक्या जमिनीत याला महिना-सव्वा महिना लागतो, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. तारखेवर विसंबून चालत नाही, पान बघावं लागतं. कमी ताण बसला तर फुलं कमी येतात, जास्त बसला तर फांद्या वाळतात.

स्लाइड ५ : ताण तोडणे

पहिलं ओलित हलकं द्यायचं, पुढचं भरपूर. तहानलेल्या झाडाला एकदम पाणी पाजायचं नाही. ओलिताबरोबर खताची मात्रा द्यायची. मग पांढऱ्या कळ्या दिसतात आणि सगळ्या बागेत वास दरवळतो.

स्लाइड ६ : जानेवारीतला अवकाळी पाऊस

माझ्या निबंधाचं खरं म्हणणं या स्लाइडवर आहे. ताण अर्ध्यावर असताना पाऊस आला तर झाड त्यालाच ओलित समजतं. काळी माती ते पाणी धरून ठेवते, ताण मोडतो आणि कळ्यांच्या जागी नवती फुटते. आमच्या बागेत एका वर्षी असंच झालं. सकाळी शेंड्यांवर कोवळी, पोपटी पालवी होती आणि लांबून बाग फार देखणी दिसत होती. आई म्हणाली, “हिरवं दिसते, पण हातात काही येत नाही.” त्या वर्षी आमचा आंबिया जवळजवळ गेला. बाबांचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, हवामानाचा अंदाज सांगताना ताणाच्या दिवसांचा वेगळा विचार व्हायला हवा. कपाशीला आणि तुरीला दिलेला सल्ला संत्र्याला पुरत नाही.

स्लाइड ७ : काय करता येतं

निचऱ्याचे चर आधीच काढून ठेवायचे, पाऊस थांबल्यावर जमीन लवकर सुकेल असं बघायचं. वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वॅट क्लोराईडची फवारणी करतात, पण ती तज्ज्ञांना विचारूनच. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ आपल्यापासून तासाभराच्या आत भेटू शकतात, ही मोठी सोय आहे. बागाईतदारांनी तिथपर्यंत जायला हवं, आणि आपण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत.

स्लाइड ८ : दोन फांद्या (शेवटची)

आज सकाळी बागेतून दोन फांद्या तोडून आणल्या आहेत, त्या पुढच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एकीला पुरता ताण बसला होता, तिच्यावर कळ्या मोजता येतील. दुसरी विहिरीजवळच्या झाडाची. तिथे पाणी झिरपत राहतं, म्हणून तिच्यावर नुसती नवती आहे. चहाच्या वेळी हातात घेऊन बघा. प्रश्न असतील तर तिथेच बोलू.