अंडं का बुडतं, अंडं का तरंगतं?

बालमित्रांनो, आज दप्तरं बाजूला. मधे एक काचेचं मोठं भांडं ठेवलंय, त्यात अर्धा लिटर नळाचं पाणी आहे. शेजारी मीठ, चमचा, एक स्टीलची वाटी आणि सकाळीच आणलेलं ताजं अंडं. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी छोटा बटाटा घ्यावा. बडोद्यात अशी घरं पुष्कळ आहेत, आणि बटाट्यानंही प्रयोग छान होतो.

आधी सांगा, सुरसागरात कुणी वाहिलेला नारळ तुम्ही पाहिलाय ना? तो वर डुलत असतो, आणि त्याच्याहून कितीतरी हलका खडा टाकला की डुबुक करून तळाशी जातो. मागच्या शनिवारी तुमच्यातल्या एकीनं सांगितलं होतं, “जड वस्तू बुडते.” मग नारळ का नाही बुडला? याचं उत्तर आपण अंड्याकडूनच काढून घेऊ.

अंडं पाण्यात अलगद सोडा. गेलं तळाला. आता भांड्याच्या कडेकडे बघा, पाणी थोडं वर चढलंय. अंड्याला बसायला जागा हवी होती, म्हणून त्यानं तिथलं पाणी बाजूला सारलं. सारलेलं पाणी गप्प बसत नाही, ते अंड्याला वर ढकलतं. किती जोरानं? जेवढं पाणी बाजूला झालं त्याच्या वजनाइतक्याच जोरानं. ही गोष्ट दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आर्किमिडीज नावाच्या ग्रीक माणसानं शोधून काढली.

आता हिशेब करू. समजा, आपलं अंडं 54 ग्रॅमचं आहे आणि त्याला 50 मिलिलिटर जागा लागते. 50 मिलिलिटर साध्या पाण्याचं वजन 50 ग्रॅम. अंडं खाली ओढलं जातंय 54 नं, पाणी वर ढकलतंय 50 नं. अंडं बुडणारच! म्हणजे नुसतं वजन बघून चालत नाही, तेवढ्याच जागेतल्या पाण्याचं वजन शेजारी ठेवून बघावं लागतं. नारळ वजनदार असला तरी जागाही भरपूर घेतो. त्याच्या सालीत, काथ्यात हवा भरलेली असते. एवढ्या जागेतलं पाणी त्याच्याहून जास्त भरतं.

अंडं बाहेर काढा आणि मीठ घाला. एकेक चमचा, प्रत्येक वेळी नीट विरघळवून, घाई नको. मीठ पाण्याच्या कणांमधे शिरून बसतं, त्यामुळे पाणी वर फारसं चढत नाही, पण वजन मात्र वाढत जातं. साधारण 80 ग्रॅम, म्हणजे पोह्याचे पाच-सहा भरलेले चमचे झाले की 50 मिलिलिटर पाणी 55 ग्रॅमच्या आसपास भरतं. आता सोडा अंडं. बघा, डोकं वर काढलं! अंडं तेच आहे, बदललं ते पाणी.

“मग समुद्रात अंडं तरंगेल?” हा प्रश्न मला फार आवडला. समुद्राच्या एका लिटरमधे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्याचं 50 मिलिलिटर पाणी जेमतेम 51 ग्रॅम भरतं. ताजं अंडं तिथंही बुडेल. मृत समुद्रात मात्र समुद्राच्या जवळजवळ दसपट मीठ असतं. तिथं माणूसही हात-पाय न हलवता पाठीवर पडून राहतो.

आता माझा लाडका भाग. दुसऱ्या पेल्यातलं साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून खारट पाण्यावर अगदी हळू सोडा. ढवळायचं नाही. साधं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खारं खाली, आणि अंडं दोघांच्या मधोमध थांबतं, जणू कुणी दोऱ्यानं टांगलंय. दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

अंडं ताजंच का, तेही सांगते. अंड्याच्या टरफलाला बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसा आतला ओलावा बाहेर पडतो, जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. अंडं हलकं होतं, जागा मात्र तेवढीच घेतं. फार जुनं अंडं साध्या पाण्यातच वर येतं, आणि असं अंडं आई टाकून देते. कच्च्या अंड्याला हात लावलात, तर साबणानं धुवा.

राहिली वाटी. स्टीलचा चमचा बुडतो आणि स्टीलचीच वाटी तरंगते, कारण वाटीच्या पोटात हवेला जागा आहे. घरी ती साध्या पाण्यावर ठेवा आणि एकेक रुपयाची नाणी टाकत जा, बुडेपर्यंत. मग खारट पाण्यात तसंच करा. दोन्ही आकडे वहीत लिहून पुढच्या शनिवारी घेऊन या, सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू.