भाषा गौरव दिनाचा हिशोब: वाङ्मय मंडळाच्या बैठकीत खजिनदाराचं निवेदन

सर, मॅडम आणि मित्रमैत्रिणींनो,

भिंतीवर दिसतोय तो स्क्रीनशॉट तुम्ही सगळ्यांनी आधीच पाहिलाय. शुक्रवारी रात्री मीच तो ग्रुपवर टाकला. त्यात सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'शिल्लक ११,४००' असं आहे. तेव्हापासून ग्रुपवर नाशिकची सहल ठरतेय. कुसुमाग्रज स्मारक, मग मिसळ. कुणीतरी बसचं भाडंसुद्धा विचारून आलंय. तो आकडा चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे.

खालची पिवळी ओळ बघा, दहावी. साउंड सिस्टीम, ६,५०० रुपये. हे बिल सगळ्यांत उशिरा आलं, म्हणून मी ते शेवटी घातलं. पण बेरजेचं सूत्र जुनंच राहिलं:

```
=SUM(D4:D9)
```

म्हणजे दहावी ओळ डोळ्यांना दिसते, बेरजेत मात्र नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही. प्रथम वर्षाच्या एका मुलीनं मोबाइलवर बेरीज करून रात्री साडेअकराला मला विचारलं, "ताई, साउंडवाला फुकट आला होता का?" तिचे आभार. पुढच्या वर्षी खजिनदार कोण, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलाय.

आता खरा हिशोब. जमा आधी सांगते. मागच्या मंडळानं ठेवलेले ३,२४०. कॉलेजचं मंजूर अनुदान १५,०००. ८६ सभासदांची प्रत्येकी शंभर वर्गणी, ८,६००. एकपात्री स्पर्धेच्या ३४ प्रवेशिका पन्नास रुपयांप्रमाणे, १,७००. आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावरची स्टेशनरी दुकानाची जाहिरात, २,५००. एकूण ३१,०४०.

खर्च २६,१४०. अंदाजपत्रक आपण २४,५०० चं केलं होतं, म्हणजे १,६४० रुपये जास्त गेले. कुठे गेले ते लपवण्यासारखं नाही. साउंडचे ५,००० धरले होते. पण स्पर्धा दोन तास लांबली आणि एक कॉर्डलेस माइक जास्त घ्यावा लागला, तिथे दीड हजार वाढले. चार मिनिटांची घंटा आपण पाळली असती तर यातले निम्मे तरी वाचले असते. परीक्षकांकडे बघून घंटा वाजवायला कुणी धजलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसरी वाढ नाश्त्याची. ११० प्लेटा धरल्या होत्या, लागल्या १४०. चाळीस रुपये प्लेट, म्हणजे बाराशे जादा. ग्रंथदिंडीतलं लेझीम पथक आपण मोजलंच नव्हतं. उन्हात नाचून आलेल्या पोरांना वडा-चहा न देता कसं पाठवणार? हा खर्च मी पुन्हाही केला असता.

बाकी पटकन सांगते. पाहुण्यांचं मानधन आणि प्रवास ४,१८०, बक्षिसांची पुस्तकं ४,३६५, दिंडी २,७५०, फ्लेक्स आणि प्रमाणपत्रं २,१३०, किरकोळ ६१५. फ्लेक्स एकच केला आणि किरकोळ खर्चावर हात आखडला, म्हणून जादाचा आकडा तेवढ्यावर थांबला.

तर ३१,०४० वजा २६,१४०, शिल्लक ४,९००. टाळ्या वाजवू नका, पुढचं ऐका. हे पैसे आत्ता आपल्याकडे नाहीत. अनुदानाचे १०,००० आगाऊ मिळाले, उरलेले ५,००० बिलं जमा केल्यावर मिळणार. त्यामुळे कागदावर ४,९०० शिल्लक असली तरी पेटी रिकामी आहे, आणि शेवटचे शंभर रुपये माझ्या खिशातून गेलेत. सध्या मंडळ माझं देणं लागतं.

ते ५,००० अडकलेत फुलांपाशी. पालखीची फुलं पहाटे मंडईतून आणली, ४५० रुपयांची. फुलवाल्या मावशींनी पुड्याच्या कागदावर आकडा लिहून दिला. अकाउंट्स विभागाला पक्की पावती हवी, आणि ती त्यांच्याकडे नाही. यावर तोडगा असा निघालाय की, आपण व्हाउचर करायचं आणि त्यावर मंडळाच्या प्रमुखांची सही घ्यायची.

सहलीबद्दल माझं मत विचाराल तर मागच्यांनी आपल्यासाठी ३,२४० ठेवले होते, निदान तेवढे तरी आपण पुढच्यांसाठी ठेवू. उरतात १,६६०. त्यात बस नाशिकला पोचत नाही. स्वखर्चानं जायचं ठरलं तर माझं नाव पहिलं लिहा. त्या १,६६० चं काय करायचं ते आज बैठकीनं ठरवावं.

दुरुस्त केलेला तक्ता आत्ता ग्रुपवर टाकते. जुना स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. बिलांची फाइल या टेबलावर आहे, ज्याला बघायची त्यानं बघावी. सर, व्हाउचर सगळ्यात वरच ठेवलंय. पेन आहे माझ्याकडे.